एक म्हणतो काढा, दुसरा म्हणतो वाढवा

लेखाचा मुद्दा एका ओळीचा होता: विहिरी आटल्या त्या पाऊस घटल्याने नव्हे, ऊस वाढल्याने. ती ओळ मी आधी कागदावर लिहून समोर ठेवली. पावसाच्या आकड्यांवर एका परीक्षकाचा शेरा होता, ‘काढा’. दुसऱ्याचा, ‘आणखी द्या’. निम्मे आकडे ठेवून दोघांची समजूत काढणं सोपं, पण फुकट. दोघेही अडखळले होते एकाच परिच्छेदात, कारण आकडे आधी आणि दावा नंतर आला होता. दावा वर घेतला, दोनच आकडे ठेवले, तक्ता शेवटी टाकला. तिसऱ्याला मात्र ‘ऊस’ऐवजी ‘विविध कारणं’ हवी होती. तो शेरा थेट मुद्द्यालाच हात घालणारा. तो मी लेखिकेकडे पाठवला. त्यांनी ‘मुख्यतः’ एवढाच शब्द घातला.