फोटोतल्या विणीची ओळ-ओळ उकल

विणकामाच्या इंग्रजी पुस्तकातल्या पानाचा फोटो हाती येतो, तेव्हा त्यावर जाळीदार पट्टीची कृती अशी दिसते:

```
CO 21 sts.
Row 1 (RS): K2, *yo, k2tog; rep from * to last st, k1.
Row 2: K2, p to last 2 sts, k2.
Rep Rows 1-2 nine times more.
```

k म्हणजे सुलट, p म्हणजे उलट, st म्हणजे टाका. CO म्हणजे सुईवर टाके घालणे. RS ही उजवी बाजू नव्हे. विणीची दर्शनी बाजू. yo म्हणजे लोकर पुढे आणून सुईवरून घेणे. त्याने एक टाका वाढतो आणि खाली भोक पडते. लगेच येणारे k2tog दोन टाके एकत्र सुलट विणायला सांगते. त्याने वाढलेला टाका परत कमी होतो.

नवशिक्याला अडवतो तो तारा. त्यापासून अर्धविरामापर्यंतचा तुकडा किती वेळा विणायचा, हा आकडा कृतीत नसतो; तो काढावा लागतो. २१ टाक्यांतून सुरुवातीचे २ आणि शेवटचा १ वगळले की १८ उरतात. तुकडा दर वेळी दोन टाके खातो, म्हणून ९ वेळा. आता तारा हवाच कशाला?

ओळ १, दर्शनी बाजू: २ टाके सुलट. मग लोकर पुढे आणून सुईवरून घ्या आणि पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणा. असे ९ वेळा. शेवटचा टाका सुलट. सुईवर २१ टाके.

ओळ २, मागची बाजू: २ सुलट, १७ उलट, २ सुलट. आधीच्या ओळीत सुईवरून घेतलेली लोकर इथे आडवी, सैल दिसते. तोही टाकाच आहे, तो उलट विणा. सुईवर २१ टाके.

शेवटची सूचनाही फसवी आहे. दोन ओळी एकदा विणून झाल्यावर आणखी नऊ वेळा विणायच्या, म्हणजे एकूण २० ओळी. नवशिक्यासाठी ३ ते २० हे आकडे कागदावर लिहून द्यावेत आणि प्रत्येक ओळ झाली की खूण करायला सांगावे; विषम आकड्याला पहिली ओळ, सम आकड्याला दुसरी.

प्रत्येक ओळीअखेर टाक्यांची संख्या लिहायची, ती फोटोच्याच भीतीने. पानाच्या घडीत tog ही तीन अक्षरे बुडाली, तर k2tog चे k2 होते. वाक्य तरीही बिनचूक दिसते, फक्त दोन टाके वेगवेगळे विणले जातात. मग दर तुकड्याला एक टाका वाढतो आणि पहिल्या ओळीअखेर सुईवर २१ ऐवजी ३० टाके येतात. नऊच टाके वाढलेले आणि तुकडाही नऊ वेळा, म्हणजे चूक तुकड्याच्या आत आहे, कडेला नाही. अशा वेळी ओळ उसवण्याआधी फोटो मोठा करून तेवढीच जागा पाहावी. एकच टाका कमी पडला, तर मात्र वाचन बरोबर असून विणताना एखादी लोकर सुईवरून घ्यायची राहिलेली असते; तिथे जाळीत भोक नसल्याचे चटकन दिसते.