अष्टूरचा उरूस होळीनंतर का?

बिदरजवळच्या अष्टूर गावात बहमनी सुलतान अहमदशहाची कबर आहे. त्यानेच गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला हलवली. १४३६ मध्ये तो वारला. घुमटाच्या आतल्या भिंतींवर रंगीत नक्षी आणि फारसी काव्य आहे. पण इथला उरूस हिजरी तारखेने भरत नाही, तो होळीनंतर भरतो.

ही बाब मला फार मोलाची वाटते. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे त्या तारखेचा उत्सव हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरतो. अष्टूरची जत्रा मात्र वर्षाच्या त्याच काळाला धरून राहिली. अर्थात भोवतालच्या शेतकऱ्यांच्या पंचांगाने इथे दरबारी कालगणनेवर मात केली. जत्रेत गुलबर्गा भागातून लिंगायत जंगम आपल्या अनुयायांसह येतात, शंख फुंकतात, कबरीवर फुले वाहतात आणि नारळ फोडतात. मुसलमान भाविकांसाठी हा अहमदशहा 'वली', तर लिंगायतांसाठी अल्लमप्रभूचे रूप.

भाषेतही हेच घडले. दरबारात फारसी होती, पण बाजारात दखनी घडली. तिच्यातला जोर देणारा 'च' मराठीतून आला आहे.

मात्र यावरून त्या काळी भेदच नव्हते, असे समजू नये. अल्लमप्रभू बाराव्या शतकातले, म्हणजे ही जोड नंतरची आहे. दोन्ही समाजांनी आपापली श्रद्धा सोडली नाही. कबर तेवढी एक ठेवली.