ईआरपी प्रणालीतील सेवाभरती, रुजूप्रक्रिया व कार्यमूल्यमापन

उद्योगसंस्थेचे हिशेब, खरेदी, विक्री, साठा व कर्मचारी यांच्या नोंदी एकाच माहितीसंचात ठेवणाऱ्या संगणकप्रणालीस उद्योग-संसाधन नियोजन प्रणाली किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईआरपी’ असे म्हणतात. तिच्या मनुष्यबळ विभागात सेवाभरती, नव्या कर्मचाऱ्यास रुजू करून घेणे व त्याच्या कामाचे मूल्यमापन हे तीन प्रवाह असतात. ते वरवर स्वतंत्र दिसले, तरी प्रत्येकाची नोंद मागील नोंदीतून निर्माण होते. त्यामुळे भरतीच्या वेळी झालेली चूक कित्येकदा वर्षअखेरीस, मूल्यमापनाच्या वेळी उघड होते. प्रस्तुत नोंदीत ‘फ्रापे एचआर’ या मुक्त प्रणालीच्या आधारे हा संबंध स्पष्ट केला आहे. ही प्रणाली मुंबईतील फ्रापे या संस्थेने तयार केली असून पूर्वी ती त्याच संस्थेच्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या प्रणालीचा भाग होती. २०२२ मध्ये ती वेगळी करण्यात आली.

भरतीचा आरंभ कर्मचारी-आराखड्याने होतो. त्यात प्रत्येक पदनामापुढे किती जागा भरावयाच्या व दर जागेस अंदाजे किती खर्च येईल हे लिहितात. त्या पदनामाचे किती कर्मचारी सध्या सेवेत आहेत हे प्रणाली स्वतः मोजते आणि दोहोंची बेरीज मंजूर पदसंख्या म्हणून धरते. यानंतर रिक्तपदाची नोंद, उमेदवाराचा अर्ज, मुलाखत, मुलाखतकारांचे अभिप्राय आणि शेवटी नियुक्तिप्रस्ताव असा क्रम असतो. नवी रिक्तपद-नोंद आराखड्याशी ताडून पाहिली जाते. सेवेतील कर्मचारी व आधीच जाहीर असलेली रिक्त पदे मिळून मंजूर पदसंख्या भरली असेल, तर प्रणाली ती नोंद नाकारते. ही सर्व मोजणी पदनामाच्या आधारे होते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

उमेदवाराने प्रस्ताव स्वीकारला, तरी तो लगेच कर्मचारी होत नाही. मधल्या काळात रुजूप्रक्रियेची नोंद करतात. ती एका साच्यावरून तयार होते व त्या साच्यात कागदपत्रांची तपासणी, नियुक्तिपत्रावरील सही, संगणक व बसण्याची जागा, हजेरीयंत्रावर बोटाच्या ठशाची नोंद यांसारखी कामे असतात. प्रत्येक काम कितव्या दिवशी सुरू व्हावे, त्यास किती दिवस लागतील आणि ते कोणी करावे हे साच्यातच ठरलेले असते. काम विशिष्ट व्यक्तीकडे न सोपविता भूमिकेकडे, म्हणजे ‘मनुष्यबळ अधिकारी’ अशा पदभाराकडे सोपविणे श्रेयस्कर असते. कारण व्यक्ती नोकरी सोडून गेल्यास तिच्या नावावरील कामे कोणाच्याही लक्षात न येता पडून राहतात.

साच्यातील प्रत्येक कामापुढे `Required for Employee Creation` अशी एक चौकट असते. तीत खूण केलेली सर्व कामे पुरी झाल्याशिवाय त्या उमेदवाराची कर्मचारी-नोंद तयार करता येत नाही. हे बंधन उपयुक्त असले, तरी बहुतेक घोटाळ्यांचे मूळही येथेच आढळते. हजेरीयंत्रावरील नोंदीस कर्मचारी-क्रमांक लागतो आणि तो क्रमांक कर्मचारी-नोंद झाल्यावरच मिळतो. भविष्यनिर्वाह निधीच्या कामाचेही अनेक संस्थांत असेच असते. अशा कामापुढे खूण केल्यास काम नोंदीसाठी व नोंद कामासाठी अडून बसते. महिन्याची पहिली तारीख आली की वेतनाची निकड निर्माण होते आणि अधिकारी हा प्रवाह बाजूस ठेवून कोऱ्या पानावर थेट कर्मचारी-नोंद करून मोकळा होतो. नोंदीत उमेदवाराचा उल्लेख नसल्याने प्रणालीस हरकत घेण्यास जागा राहत नाही. जी खूण कर्मचारी-क्रमांकाशिवाय पुरी होऊ शकणाऱ्या कामांपुढेच करावयास हवी, ती सरसकट केल्याचा हा परिणाम होय.

थेट नोंदीचे परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येतील. एका यंत्रदुरुस्ती संस्थेत ७ सेवा-अभियंते आहेत व आणखी ३ घ्यावयाचे आहेत. म्हणजे मंजूर पदसंख्या १० झाली. तिघे निवडले जाऊन रुजू झाले व रिक्तपद-नोंद बंद करण्यात आली. त्यांपैकी एकाची कर्मचारी-नोंद नियुक्तिप्रस्तावावरून तयार झाली, त्यामुळे `Service Engineer` हे पदनाम तीत आपोआप आले. उरलेल्या दोघांच्या नोंदी घाईत थेट करण्यात आल्या आणि पदनाम `Service Engg.` असे नव्याने टंकलिखित झाले. माणसाला हे एकच पद वाटते. प्रणालीच्या दृष्टीने ही दोन पदे आहेत. तिच्या मोजणीत १० ऐवजी ८ अभियंते भरतात आणि आणखी दोन जागांची जाहिरात ती बिनदिक्कत होऊ देते. तीस जणांच्या संस्थेत मालकाला सर्व माणसे नावानिशी माहीत असल्याने ही चूक लगेच लक्षात येते. शंभराच्या पुढे गेलेल्या व दोन-तीन शाखा असलेल्या संस्थेत मात्र जास्तीचे दोघे रुजू होईपर्यंत ती कळत नाही.

त्याच दोघांची दुसरी अडचण मूल्यमापनाच्या वेळी उद्भवते. मूल्यमापनाचा साचा पदनामाशी जोडलेला असतो. मूल्यमापन-चक्र सुरू करताना प्रणाली कर्मचाऱ्यांची यादी करते व प्रत्येकाच्या पदनामावरून साचा घेते. `Service Engg.` या पदनामास साचाच नसल्याने तशी सूचना पडद्यावर येते. ही सूचना म्हणजे चुकीचे पहिले स्पष्ट लक्षण होय; पण पुष्कळदा त्या दोघांपुढे हाताने साचा घालून ती मिटविली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

साच्यात जबाबदारीची क्षेत्रे व त्यांचे भार असतात. भारांची बेरीज १०० असावी लागते. वरील अभियंत्यांसाठी वेळेत दुरुस्तीस ५०, तक्रारनिवारणास ३० व कामाच्या नोंदींस २० असा भार आहे असे मानू. एका अभियंत्याची उद्दिष्टपूर्ती अनुक्रमे ८०, ६० व १०० टक्के असल्यास त्याचे गुण ४० + १८ + २० = ७८ टक्के, म्हणजे ५ पैकी ३.९ होतात. सहकारी व वरिष्ठ यांच्या अभिप्रायांची सरासरी ३.२ असून त्याने स्वतःस ४.६ गुण दिले आहेत. वेगळे सूत्र दिले नसल्यास प्रणाली या तिन्ही गुणांची साधी सरासरी काढते, ती ३.९ येते. तेवढेच काम व तेवढेच अभिप्राय असलेल्या, पण स्वतःस ३ गुण देणाऱ्या संकोची अभियंत्याची सरासरी सुमारे ३.३७ भरते. दोघांमधील ०.५३ गुणांचा फरक केवळ आत्मप्रशंसेचा असतो आणि वेतनवाढ गुणांवर ठरत असेल तर तो अन्याय ठरतो. यावर उपाय म्हणून चक्रातच पुढीलप्रमाणे सूत्र देता येते :

```
goal_score * 0.6 + average_feedback_score * 0.3 + self_appraisal_score * 0.1
```

या सूत्राने पहिल्याचे गुण ३.७६ व दुसऱ्याचे ३.६० होतात. भार किती ठेवावेत हा व्यवस्थापनाचा निर्णय असला, तरी तो चक्र सुरू होण्यापूर्वी घेऊन कर्मचाऱ्यांस कळवावा लागतो. स्वमूल्यमापन भरून झाल्यावर सूत्र बदलल्यास आपले गुण मुद्दाम कमी केल्याची शंका रास्तपणे घेतली जाते.

थेट केलेल्या नोंदी शोधणे सोपे असते. कर्मचाऱ्यांच्या यादीत `Job Applicant` हा रकाना रिकामा असलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या, की प्रवाहाबाहेरून आलेली माणसे समोर येतात. प्रणाली बसविण्यापूर्वीचे कर्मचारी तेवढे त्यांतून वगळावे लागतात. अपूर्ण राहिलेल्या रुजूप्रक्रियांची यादी तिच्याशी ताडून पाहावी. दुहेरी पदनामे नामांतराच्या वेळी एकमेकांत विलीन करता येतात व जुन्या नावाशी जोडलेल्या सर्व नोंदी नव्या नावाकडे वळतात. मात्र हे विलीनीकरण उलटविता येत नाही. `Service Engg.` या नावाखाली कोणी खरोखरच वेगळ्या श्रेणीचे पद निर्माण केले होते काय, याची चौकशी शाखाप्रमुखांकडे आधीच करावी लागते.