फुटलेल्या बरण्यांचं पत्र

समजा, सांगलीच्या एका लोणच्याच्या दुकानातून महिन्याभरात गेलेली तीन पार्सलं फुटून पोचली. मालक चिडून पत्र लिहितो: 'तुमची सेवा भिकार आहे.' राग खरा असतो, पण अशा पत्रावर दिलगिरीपलीकडे सहसा काही हाती लागत नाही.

पत्रात प्रत्येक पार्सलचा पावती क्रमांक, बुकिंगची तारीख, मालाचं बिल आणि फुटलेल्या बरण्यांसोबत बाहेरच्या खोक्याचेही फोटो हवेत. खोकं कोपऱ्यात चेपलेलं दिसलं, तर 'पॅकिंगच कच्चं होतं' हे कंपनीचं ठरलेलं उत्तर लंगडं पडतं. त्यानंतर रकमेची स्पष्ट मागणी करावी.

खरी मेख रकमेतच आहे. रस्त्याने जाणाऱ्या मालाला 2007 चा कायदा लागू होतो आणि त्यात कुरिअरवालेही येतात. बुक करताना जादा किंमत जाहीर केली नसेल, तर भरपाईची मर्यादा साधारणपणे भाड्याच्या दहापट. म्हणजे भाडं 90 रुपये असेल, तर 1,200 च्या मालाचे जास्तीत जास्त 900.

दावा लावायचा असेल, तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस पोचायला हवी. फोनवरची भांडणं त्यात धरली जात नाहीत.