नाव वेगळे, गाणे तेच

अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ही भैरवी आधी ७८ आरपीएमच्या तबकडीवर आली आणि पुढे एलपी, कॅसेट, सीडी असा प्रवास करत राहिली. त्यामुळे जुन्या गाण्यांच्या शौकिनाची हार्डडिस्क उघडली, तर ती तीन-चार ठिकाणी सापडते. एका फोल्डरमध्ये `Track 03.mp3`, दुसऱ्यात `AKK_Bhairavi.wav`, तिसऱ्यात `jamuna ke teer old.mp3`. शेजारीच भीमसेन जोशींची ‘जमुना के तीर’ असते. तिचे नाव जवळपास हेच, पण ध्वनिमुद्रण संपूर्ण वेगळे. नावे पाहून दुबार फायली काढणारा माणूस इथे दोन्हीकडून फसतो: एकच ध्वनिमुद्रण त्याला तीन वाटते आणि दोन वेगळी ध्वनिमुद्रणे एकच वाटतात.

फायलीतला मजकूर तंतोतंत जुळवून पाहण्याचाही इथे उपयोग नाही. वेव्हची एमपीथ्री केली, किंवा नुसते आतले कलाकाराचे नाव दुरुस्त केले, तरी संगणकाच्या लेखी ती निराळी फाइल होते. म्हणून तुलना करायची ती कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाचीच.

‘क्रोमाप्रिंट’ ही मोफत प्रणाली हेच काम करते. ती आधी आवाज एका चॅनलमध्ये आणते आणि त्याचे सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्यात बारा स्वरांपैकी कोणत्या स्वराला किती जोर आहे हे ती मोजते. सप्तक कोणते, याकडे लक्ष देत नाही. मग हा जोर शेजारच्या स्वरांत आणि पुढच्या क्षणांत कसा बदलतो ते पाहून ३२ बिटांचा एक आकडा तयार होतो. सेकंदाला असे सुमारे आठ आकडे पडतात, आणि त्यांची माळ म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ठसा. आज्ञा एका ओळीची आहे:

```
fpcalc -raw -length 120 "Track 03.mp3"
```

पहिल्या दोन मिनिटांतून साडेनऊशेच्या आसपास आकडे मिळतात. दोन फायलींच्या माळा शेजारी ठेवायच्या आणि प्रत्येक जोडीत ३२ पैकी किती बिटे वेगळी आहेत ते मोजायचे. काहीच संबंध नसलेल्या दोन गाण्यांत साधारण निम्मी, म्हणजे सोळाच्या आसपास बिटे वेगळी येतात. मुद्रण एकच असेल तर हा आकडा पुष्कळ खाली येतो. मात्र एका फायलीत सुरुवातीला सुईची चार सेकंदांची खरखर असेल, तर सगळ्या जोड्या चुकतात. म्हणून एक माळ दुसरीवर थोडीथोडी सरकवत सर्वांत कमी फरक कुठे येतो ते शोधावे लागते. तीसबत्तीस घरे सरकवल्यावर फरक एकदम कोसळला आणि पुढे तसाच राहिला, तर गाणे तेच. भीमसेनजींच्या भैरवीत असे कुठेच घडत नाही, कारण लय, विस्तार, जागा सगळेच निराळे. या कामाला इंटरनेट लागत नाही, कारण तुलना आपल्याच संग्रहात चालते.

खरी अडचण वेगाची आहे. ते बारा कप्पे गायकाच्या षड्जावर ठरत नाहीत. पेटीच्या पट्ट्यांसारखे ते जागच्या जागी बांधलेले असतात. समजा, एका प्रतीत तेच गाणे पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ३ मिनिटे ६ सेकंद चालते आणि दुसऱ्या प्रतीत बरोबर ३ मिनिटे. टेपचा किंवा तबकडीचा वेग थोडा चढला की असे होते. हा फरक ३.३ टक्क्यांचा. तेवढ्याने षड्ज निम्म्या पट्टीहून थोडा अधिक वर सरकतो, जोर शेजारच्या कप्प्यात सांडतो आणि माळाही हळूहळू एकमेकींपासून निसटतात. मग यंत्र म्हणते, ‘वेगळे गाणे.’

पण ही चूक पकडता येते. दोन्ही प्रतींचा षड्ज ट्यूनरवर मोजावा. षड्जाच्या कंपनसंख्येचे गुणोत्तर गाण्याच्या लांबीच्या गुणोत्तराच्या बरोबर उलटे आले, तर संशय वेगावर घ्यावा. ‘ऑडासिटी’त तेवढाच वेग बदलून पुन्हा ठसा काढला की जुळणी होते.

मैफलींच्या लांब फायलींची गोष्ट वेगळी. पहिली दोन मिनिटे तानपुरे जुळवण्यात आणि निवेदनात जातात आणि ठशात गाणे येतच नाही. तिथे `-length 600` द्यावे.

आणि जुळणी झाली म्हणून लगेच काही पुसू नये. कोणती प्रत चांगली, हे ठसा सांगत नाही. मोठी वेव्ह फाइल एखाद्या हलक्या एमपीथ्रीवरून फुगवलेली असू शकते. स्पेक्ट्रोग्रामवर सुईची खरखर १६ किलोहर्ट्‌झला कापल्यासारखी थांबलेली दिसली की ती ओळखू येते. दुसऱ्या प्रतीत खरखर काढताना आवाजाची धारही गेलेली असते. दुबार ठरलेल्या प्रती आधी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात, हेडफोन लावून एकेक जोडी ऐकावी आणि मगच पुसाव्यात.