लाउंजच्या दारातला हिशेब

विमानतळावर सुरक्षा तपासणी संपली की एका बाजूला काचेचे दार दिसते. आत मऊ खुर्च्या, चहा-कॉफी, इडली-उपमा आणि थोडी शांतता. ह्या जागेला लाउंज म्हणतात. एकेकाळी ती महागड्या तिकिटाच्या प्रवाशांसाठी होती. मग बँकांनी क्रेडिट कार्डाबरोबर तिचा प्रवेश वाटायला सुरुवात केली आणि तुमच्याआमच्यासारखेही आत जाऊ लागले. हा प्रवेश 'मोफत' म्हटला जातो. पण ह्या मोफतपणाला अटी आहेत आणि त्या माहीत नसल्या की माणूस सहकुटुंब दारात अडकतो. आज त्या अटींविषयी बोलू.

आधी व्यवहार समजून घेऊ. आपण कार्ड दाखवून आत जातो तेव्हा आपला खर्च बँक भरते. प्रत्येक माणसामागे लाउंजवाल्याला ठरलेली रक्कम द्यावी लागते. कार्डे वाढली, प्रवासी वाढले, लाउंजबाहेर रांगा लागल्या आणि बँकांचे बिल फुगले. म्हणून २०२३ पासून एकेक बँक म्हणू लागली की, आमचे कार्ड नुसते खिशात ठेवणाऱ्याला नव्हे, वापरणाऱ्यालाच ही सोय देऊ. एचडीएफसी बँकेने रिगालिया कार्डासाठी १ डिसेंबर २०२३ पासून तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने आपल्या अनेक कार्डांसाठी १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीत पस्तीस हजार खर्च हवा असे ठरवले आणि १५ नोव्हेंबर २०२४ पासून तो आकडा पंचाहत्तर हजारांवर नेला. साडेसात महिन्यांत दुपटीहून अधिक! म्हणून कार्ड घेताना मिळालेल्या माहितीपत्रकावर विसंबू नये. बँकेच्या संकेतस्थळावरचा आजचा नियमच खरा.

ह्या अटीतला सर्वांत फसवा शब्द म्हणजे 'तिमाही'. ही कॅलेंडरची तिमाही असते. जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, अशी. आपले कार्डाचे बिल मात्र महिन्याच्या मधेच कुठेतरी, समजा १८ तारखेला, निघते. तेव्हा तीन बिलांची बेरीज म्हणजे तिमाहीचा खर्च नव्हे. दुसरे असे की, 'आधीच्या तिमाहीत' खर्च ही अट असेल, तर मे महिन्यातल्या प्रवासाचा हक्क जानेवारी ते मार्चमध्ये कमवायचा असतो. एप्रिलमध्ये कार्डावर विमानाची तिकिटे काढली, तर तो खर्च जुलै ते सप्टेंबरमधल्या प्रवासाला उपयोगी पडेल, मेच्या नाही.

एक उदाहरण घेऊ. एक निवृत्त शिक्षक पत्नी आणि मुलीसह २० मे रोजी पुण्याहून दिल्लीला निघाले आहेत. आठ दिवसांनी परत येणार. त्यांच्या कार्डावर तिमाहीला दोन प्रवेश आहेत, अट आधीच्या तिमाहीत पंचाहत्तर हजारांची. जानेवारी ते मार्चचा त्यांचा एकूण खर्च ब्याऐंशी हजार. म्हणजे अट पुरी झाली, असे त्यांना वाटते. पण त्यात चार हजारांचे पेट्रोल आहे आणि त्यांच्या कार्डाच्या नियमात पेट्रोल धरलेले नाही. राहिले अठ्ठ्याहत्तर हजार. शिवाय साडेतीन हजारांच्या शाली त्यांनी दुकानाला परत केल्या आणि पैसे कार्डावर परत आले. ते वजा झाले की उरतात चौऱ्याहत्तर हजार पाचशे. पाचशे रुपयांसाठी अट हुकली. यंत्र हुज्जत घालत नाही. ते फक्त कार्ड नाकारते.

कोणता खर्च धरला जात नाही? एटीएममधून काढलेली रोकड, वार्षिक फी, व्याज, दंड हे सहसा धरत नाहीत. घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि पेट्रोल ह्यांबाबत प्रत्येक बँकेचे वेगळे म्हणणे असते. आणखी एक खाच अशी की, ३१ मार्चला केलेली खरेदी बँकेच्या दप्तरी दोन दिवसांनी नोंदली गेली, तर ती पुढच्या तिमाहीत जाऊ शकते. म्हणून शेवटच्या आठवड्याच्या भरवशावर राहू नये आणि आकडा काठावर ठेवू नये.

आता समजा, शिक्षकांचा खर्च पुरेसा झाला. तरी आत कोण जाणार? आमच्या घरात मेहमान म्हटला की ताट आधी त्याच्यापुढे जाते. लाउंजच्या दारात 'गेस्ट' ह्या शब्दाचा अर्थ उलटा आहे. गेस्ट म्हणजे ज्याचे पैसे पडतात तो. साध्या कार्डांवर मोफत प्रवेश बहुधा कार्डधारकापुरताच असतो. कार्डावरचे नाव आणि बोर्डिंग पासवरचे नाव जुळवून पाहतात. दोन प्रवेश शिल्लक आहेत म्हणून पत्नीलाही त्याच कार्डावर आत न्यावे, हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. पत्नीच्या नावाचे जोडकार्ड असेल तर ती जाऊ शकते. पण तिचा कोटा वेगळा आहे की दोघांचा मिळून एकच, हे विचारून ठेवावे. एकच असेल तर पुण्यात दोघे आत गेले की दोन प्रवेश संपले आणि दिल्लीहून परतताना दोघेही बाहेर. मुलीचे पैसे दोन्ही वेळा भरावे लागणारच.

परदेशातल्या लाउंजसाठी काही बँका प्रायॉरिटी पास नावाचे वेगळे कार्ड देतात. त्यात पाहुण्याला दारात कुणी अडवत नाही, हीच गोम आहे. तो हसतमुखाने आत जातो आणि त्याचे शुल्क, डॉलरमध्ये मोजलेले, वर करासह, पुढच्या बिलात उगवते. मोफत फेऱ्या संपल्यावर खुद्द कार्डधारकाचेही तसेच होते. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी त्यावर किती माणसे लिहिली आहेत, ते पाहावे.

देशातल्या लाउंजमध्ये कार्ड घासले की अनेकदा दोन रुपये कापले जातात. ती कार्ड चालू आहे की नाही ह्याची तपासणी असते, घाबरण्याचे कारण नाही. काही बँका मात्र कार्ड घासूच देत नाहीत, व्हाउचर देतात. रिगालियाच्या वरच्या नियमात खर्च पुरा झाल्यावर बँकेच्या पानावर जाऊन व्हाउचर स्वतः घ्यावे लागे, तिमाहीला जास्तीत जास्त दोन. न मागता ते हाती येत नसे.

अट हुकतेय असे दिसले, तर उगाच खरेदी करून ती गाठावी का? हिशेब करा. वीस हजारांची नको असलेली वस्तू घेतली आणि बिल वेळेवर भरता आले नाही, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी सातशे रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे आठशे सव्वीस रुपये. तेही एका महिन्याचे. शिवाय बिल अर्धवट भरले की उरलेल्यावरच नव्हे, सगळ्याच खर्चावर व्याज लागू शकते. एवढ्या पैशांत विमानतळावरही चहा आणि नाश्ता होतो.

प्रवासाच्या आठवडाभर आधी बँकेला तीन प्रश्न ईमेलने विचारावेत. ह्या तिमाहीत माझे किती प्रवेश शिल्लक आहेत? ते कोणत्या तिमाहीतल्या खर्चावर मिळाले आहेत? आणि जोडकार्डाचा कोटा वेगळा आहे का? लेखी उत्तर फोनमध्ये ठेवावे. दारातले यंत्र ते वाचणार नाही, हे खरे. पण पुढे बिलात नको ते शुल्क लागले, तर तक्रारीला आधार तोच.