२१ जानेवारी १९७० आणि हजारपटीची चूक

संगणकात तारीख बहुधा एका साध्या आकड्याच्या रूपात साठवलेली असते. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीचा, जागतिक प्रमाणवेळेनुसारचा, क्षण शून्य धरायचा आणि तिथून पुढे किती सेकंद उलटले ते मोजायचे. या मोजणीला युनिक्स टाइमस्टॅम्प म्हणतात. `1700000000` हा असाच एक टाइमस्टॅम्प. तो १४ नोव्हेंबर २०२३ रोजी रात्री १० वाजून १३ मिनिटे २० सेकंद ही जागतिक प्रमाणवेळ दाखवतो. भारतातील घड्याळात तेव्हा १५ नोव्हेंबरचे पहाटेचे ३ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद झालेले होते.

हाच क्षण काही प्रणाली `1700000000000` असा लिहितात, कारण त्या सेकंदाऐवजी मिलिसेकंद मोजतात. एका सेकंदात हजार मिलिसेकंद असल्याने आकड्यावर तीन शून्ये वाढतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीने वाचला गेल्यावर, कारण आकडा स्वतःचे एकक सांगत नाही. किंमत ४९९९ एवढेच लिहिले आणि रुपये की पैसे ते लिहिलेच नाही, तर जे होईल तेच इथे तारखेचे होते.

एकके दोन का झाली, याचे उत्तर इतिहासात आहे. युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली जात होती. ३२ बिटांच्या जागेत ही मोजणी सुमारे सव्वादोन वर्षांत भरून जाई, म्हणून पुढे पूर्ण सेकंद मोजायचे ठरले आणि सुरुवात १९७० ला पक्की झाली. सी, पीएचपी, पायथन या भाषांनी आणि काही डेटाबेसांनी हे सेकंदच पुढे चालवले. नव्वदच्या दशकात आलेल्या जावाने मात्र ६४ बिटांची ऐसपैस जागा घेऊन मिलिसेकंद मोजायला सुरुवात केली. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट तयार झाली तेव्हा तिची तारखेची व्यवस्था जावावरूनच उचलण्यात आली. त्यामुळे आज सर्व्हरवरचा प्रोग्रॅम अनेकदा सेकंदांत बोलतो आणि ब्राउझर नेहमी मिलिसेकंदांत. त्या दोघांमधला रस्ता हीच या चुकीची हमखास जागा आहे.

सर्व्हरने `1700000000` हा आकडा पाठवला आणि ब्राउझरमधील जावास्क्रिप्टने तो तसाच तारखेत बदलला, तर काय होते ते पुढे दिसते. पहिल्या ओळीत चूक आहे, दुसऱ्या ओळीत ती दुरुस्त केलेली आहे.

```
new Date(1700000000)         // 1970-01-20T16:13:20.000Z
new Date(1700000000 * 1000)  // 2023-11-14T22:13:20.000Z
```

पहिल्या ओळीत १७० कोटी सेकंद हे १७० कोटी मिलिसेकंद समजले गेले, म्हणजेच फक्त १७ लाख सेकंद. तेवढ्या वेळात १९ दिवस आणि १६ तासांहून थोडा अधिक काळ होतो. १ जानेवारी १९७० पासून तेवढे पुढे गेले की २० जानेवारी येते. नोव्हेंबर २०२३ मधली खरेदी पडद्यावर २० जानेवारी १९७० ची दिसते ती अशी.

या चुकीत खरे हजार दिवस आक्रसून एक दिवस होतात, आणि त्यामुळे चुकीची तारीख कुठे पडणार हे आधीच सांगता येते. ८ जानेवारी २०२२ पासून ३ ऑक्टोबर २०२४ अखेरपर्यंतचा कोणताही क्षण अशा वाचनात २० जानेवारी १९७० ला पडतो. ४ ऑक्टोबर २०२४ पासून ३० जून २०२७ अखेरपर्यंतचा प्रत्येक क्षण २१ जानेवारीला पडतो. (हे दिवस जागतिक प्रमाणवेळेचे आहेत.) एखाद्या यादीत शेकडो व्यवहार असावेत आणि सगळ्यांवर हीच एक तारीख असावी, फक्त तास-मिनिटे थोडी पुढे-मागे व्हावीत, हे चित्र दिसले की एककांचा गोंधळ झाला आहे, असा अंदाज लगेच बांधता येतो.

१९७० मध्ये पडणाऱ्या तारखांचे आणखी एक कारण असते आणि ते यापासून वेगळे ओळखावे लागते. नोंदीत तारीखच नसेल आणि रिकाम्या जागेऐवजी शून्य वाचले गेले, तर मोजणीचा आरंभक्षणच पडद्यावर येतो. भारतातील घड्याळात तो १ जानेवारी १९७०, सकाळी साडेपाच असा दिसतो. अमेरिकेतील वेळेत तो आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १९६९ ला जातो. म्हणून तारीख अगदी १ जानेवारी आणि वेळ अगदी साडेपाच असेल तर माहिती हरवलेली आहे, हे समजावे. जानेवारीचा तिसरा आठवडा असेल तर माहिती शाबूत आहे आणि फक्त हजारपटीने चुकीची वाचली गेली आहे. पहिल्या प्रकारात खरी तारीख दुसरीकडून शोधावी लागते. दुसऱ्या प्रकारात आकड्याला हजाराने गुणले की ती परत मिळते.

उलट दिशेने चूक झाली की तारीख फार दूरच्या भविष्यात जाते. `1700000000000` हे मिलिसेकंद सेकंद म्हणून वाचले, तर सुमारे ५३ हजार ८७० वर्षे होतात आणि साल निघते ५५८४०. इथे प्रत्येक भाषा वेगळी वागते. पायथनच्या तारखा ९९९९ सालाच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तो प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो. पीएचपी मात्र ५५८४० हे साल निमूटपणे छापते. जिथे आकडा ३२ बिटांच्या जागेत कोंबला जातो तिथे याहून फसवे काही घडते. वरचे बिट कापले जातात आणि उरलेल्या भागातून १९०१ ते २०३८ यांमधली कोणतीही तारीख निघू शकते. `1700000000000` असा कापला तर ५ जून १९४४ ही तारीख मिळते. ५५८४० साल पाहून कोणीही दचकेल, पण जन्मतारखेच्या रकान्यात १९४४ दिसले तर कोणाला शंका येणार नाही. शिवाय कापलेला भाग गेल्याने फक्त त्या आकड्यावरून मूळ तारीख परत काढता येत नाही.

तारीख पडद्यावर दिसतच नाही तिथे ही चूक सर्वांत जास्त काळ लपून राहते. लॉगिनसाठी वापरले जाणारे जेसन वेब टोकन हे याचे चांगले उदाहरण आहे. टोकनमधील `exp` या रकान्यात ते कधी बाद होणार याची वेळ असते, आणि ती सेकंदांतच असावी असे त्याचे मानक सांगते. टोकन एक तास चालावे म्हणून सध्याच्या वेळेत ३६०० सेकंद मिळवायचे असतात. `1700000000` या क्षणी काढलेल्या टोकनमध्ये त्यामुळे `1700003600` असायला हवे. प्रोग्रामरने वेळ जावास्क्रिप्टच्या `Date.now()` मधून घेतली आणि हजाराने भागायचे राहिले, तर तिथे तेरा अंकी आकडा बसतो. सर्व्हर तो सेकंद म्हणून वाचतो आणि टोकन ५५८४० सालापर्यंत वैध ठरते. वापरणाऱ्याला काहीच बिघडलेले जाणवत नाही, चाचणीतही लॉगिन नीट होते. पण ते टोकन चोरीला गेले, तर तासाभराने त्याचा उपयोग संपेल हे संरक्षण उरलेले नसते.

याच व्यवस्थेत उलट चूक झाली तर ती लगेच कळते. टोकनमध्ये `1700003600` हा बरोबर आकडा आहे, पण ब्राउझर त्याची तुलना थेट `Date.now()` शी करतो. तेरा अंकी आकडा दहा अंकी आकड्यापेक्षा नेहमीच मोठा असणार, म्हणून टोकन जन्मतःच बाद ठरते. लॉगिन केल्या केल्या माणूस पुन्हा लॉगिनच्या पानावर येतो.

डेटाबेसमध्ये एकाच रकान्यात दोन्ही प्रकारचे आकडे साठले असतील, तर दुरुस्तीसाठी ते वेगळे करावे लागतात. सप्टेंबर २००१ ते नोव्हेंबर २२८६ या काळातील तारखा सेकंदांत दहा अंकी आणि मिलिसेकंदांत तेरा अंकी असतात. अंक मोजण्यापेक्षा एक सीमा ठरवणे सोपे जाते आणि त्यासाठी दहा हजार कोटी, म्हणजे एकावर अकरा शून्ये, हा आकडा सोयीचा आहे. सेकंदांत तो ५१३८ साल दाखवतो आणि मिलिसेकंदांत मार्च १९७३. व्यवहाराची कोणतीही तारीख ५१३८ सालातली नसते, त्यामुळे या सीमेवरचा आकडा मिलिसेकंदच असणार.

```
UPDATE orders
SET created_at = FLOOR(created_at / 1000)
WHERE created_at > 100000000000;
```

या आज्ञेतील शेवटची अट महत्त्वाची आहे. ती असल्यामुळे आज्ञा चुकून दोनदा चालली तरी बिघडत नाही, कारण एकदा भागलेला आकडा सीमेखाली येतो आणि पुन्हा निवडला जात नाही. अट नसेल तर मुळात बरोबर असलेले सेकंदही हजाराने भागले जातात आणि त्या नोंदी जानेवारी १९७० मध्ये जाऊन पडतात.

या युक्तीला मर्यादा आहे ती जुन्या तारखांची. २० जानेवारी १९७० ला जन्मलेल्या व्यक्तीची जन्मतारीख मिलिसेकंदांत लिहिली, तर जो आकडा येतो तोच सेकंदांत २०२२ ते २०२४ मधला एखादा क्षण दाखवतो. केवळ आकडा पाहून या दोघांत फरक करता येत नाही. १९७० पूर्वीच्या तारखा तर ऋण असतात आणि वरच्या सीमेच्या कसोटीत त्या बसतच नाहीत. म्हणून जन्मतारखांचा रकाना दुरुस्त करताना ती नोंद कोणत्या प्रोग्रॅमने आणि कोणत्या काळात लिहिली, हे तपासावे लागते. जन्मतारीख मुळात टाइमस्टॅम्प म्हणून न ठेवता दिवस, महिना, वर्ष अशी ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

ही चूक टाळायची तर एकक नावातच लिहावे. रकान्याचे नाव `created_at` ऐवजी `created_at_ms` किंवा `created_at_s` असेल, तर वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. जावाच्या नव्या तारीख-व्यवस्थेत `ofEpochSecond` आणि `ofEpochMilli` अशा वेगळ्या नावांच्या क्रिया आहेत, त्यामुळे लिहितानाच एकक निवडणे भाग पडते. दोन प्रणालींमध्ये तारीख पाठवताना `2023-11-14T22:13:20Z` असा मजकूर पाठवला तर एककाचा प्रश्नच उरत नाही. आकडाच पाठवायचा असेल, तर तो घेणाऱ्या बाजूने आत येतानाच तपासावा. व्यवहाराची तारीख २००० पूर्वीची किंवा २१०० नंतरची निघाली, तर नोंद स्वीकारू नये. एवढ्या एका तपासणीत १९७० आणि ५५८४० ही दोन्ही साले दारातच अडतात.